६१२ मुलांचे जलरंगी चेहरे: काम घरच्या संगणकावर की भाड्याच्या जीपीयूवर?

सोलापुरातल्या एका शाळेचा अमृत महोत्सव होता आणि स्मरणिकेचं काम आमच्याकडे, म्हणजे नवी पेठेतल्या आमच्या फोटो-छपाईच्या दुकानाकडे आलं होतं. त्यात शेवटची पानं आजच्या विद्यार्थ्यांची. मुख्याध्यापिका बाईंना तिथे नेहमीचे आयकार्डचे फोटो नको होते. शाळेचे चित्रकलेचे सर निवृत्त होणार होते, त्यांच्या जलरंगांच्या शैलीत प्रत्येक मुलाचा चेहरा हवा होता. सरांनी स्वतः सहाशे पोर्ट्रेट रंगवायची तयारी दाखवली, फक्त पुढचा अमृत महोत्सव येईपर्यंत थांबा म्हणाले. तेव्हा फोटो संगणकावर शैलीबद्ध करायचे ठरले.

प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. दुकानात व्हिडिओ एडिटिंगसाठी घेतलेला संगणक होता, त्यात आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे जीपीयू, १२ जीबी व्हीरॅमचं, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं. दुसरीकडे क्लाउडवर २४ जीबीचं तगडं कार्ड ताशी भाड्याने मिळत होतं. आमच्या दुकानातल्या पोरांचं मत सरळ होतं: भाड्याचं घ्या, तीन तासांत मोकळे. बाईंचं मत त्याहून सरळ होतं: मुलांचे फोटो कुठे कुठे जाणार ते आधी सांगा.

आम्ही दोन्हीकडे मोजमाप केलं. त्याचा हा सविस्तर हिशेब.

काम नेमकं काय होतं

पद्धत अशी ठरली. एसडीएक्सएल हे चित्रं बनवणारं मॉडेल घ्यायचं. त्याला कोऱ्या पानावरून चित्र काढायला लावायचं नाही, मुलाचा फोटो द्यायचा आणि त्यावर ठरावीक प्रमाणातच फेरफार करू द्यायचा. हे प्रमाण म्हणजे डीनॉइज. ०.३ ला फोटोवर नुसता रंगाचा हात फिरल्यासारखा दिसतो, ०.६ ला चित्र सुरेख येतं पण मूल दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. आमचं काम ०.४ च्या आसपास बसलं. चेहऱ्याच्या रेषा जागच्या जागी राहाव्यात म्हणून सोबत रेषांचा कंट्रोलनेट. आणि सरांची शैली यावी म्हणून त्यांच्या चित्रांवरून शिकवलेली लोरा, म्हणजे मुख्य मॉडेलला जोडायची छोटी पुरवणी फाइल.

त्याआधी एक जुना, हलका मार्गही पाहिला. २०१६ पासून एका झटक्यात शैली चढवणारी छोटी नेटवर्क उपलब्ध आहेत. ती कोणत्याही साध्या कार्डावर सेकंदाच्या आत चालतात आणि चेहऱ्याचा आकार बदलत नाहीत. पण ती फोटोवर सगळीकडे सारखाच पोत पसरतात. डोळा आणि भिंत यांत त्यांना फरक कळत नाही. स्मरणिकेत चेहरा छापला जाणार होता पासपोर्ट आकारात, आणि तेवढ्या आकारात डोळ्यावर आलेला रंगाचा एक डाग म्हणजे अख्खा डोळा गेला. तो मार्ग सोडला.

आकाराचा एक योगायोग मात्र कामी आला. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, आणि एसडीएक्सएल ज्या मापांवर नीट चालतं त्यांतलं एक ८९६ बाय ११५२ पिक्सेल. दोन्हींचं गुणोत्तर तंतोतंत एकच. ३०० डीपीआयला ३५ बाय ४५ मिलिमीटर छापायला ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात, म्हणजे आपल्याकडे दुपटीहून जास्त आहेत. चित्र नंतर मोठं करायची गरजच उरली नाही. हे आधी मोजलं नसतं तर प्रत्येक चित्र चौपट मोठं करण्यात वेळ आणि पैसा दोन्ही गेले असते, आणि छापल्यावर फरक कुणाला दिसला नसता.

वेग मोजताना फसगत होते ती जागा

पहिल्या चाचणीत घरच्या, म्हणजे दुकानातल्या, कार्डाला एका चित्राला २६ सेकंद लागले. ओळखीच्या एका डिझायनरने त्याच्या तशाच कार्डावर करून पाहिलं तर त्याला १६. कार्ड तेच, मॉडेल तेच, चित्र टप्प्याटप्प्याने साफ करायच्या पायऱ्या २०, डीनॉइज ०.४. मग दहा सेकंद गेले कुठे?

उत्तर सॉफ्टवेअरमध्ये होतं. आम्ही कम्फीयूआय हा चित्रं बनवायचा प्रोग्राम वापरत होतो. त्यात २० पायऱ्या आणि ०.४ डीनॉइज असं सांगितलं की ते पूर्ण २० पायऱ्या चालतं. तो वापरत होता डिफ्यूझर्स ही पायथन लायब्ररी. तिथे २० ला ०.४ ने गुणून फक्त ८ पायऱ्या चालतात. दोन्ही ठिकाणी पडद्यावर आकडे सारखेच दिसतात. क्लाउडच्या जाहिराती वाचताना, किंवा कुणी आपले आकडे सांगताना, आधी हे विचारावं की प्रत्यक्ष पायऱ्या किती चालल्या. नाहीतर कार्डांची तुलना करतोय असं वाटतं आणि तुलना होते दोन प्रोग्रामांची.

मग दोन्ही ठिकाणी कम्फीयूआय, तोच आराखडा, तीच मापं ठेवून मोजलं. घरी २६ सेकंद, भाड्याच्या २४ जीबी कार्डावर ६ सेकंद. प्रत्येक मुलाची तीन चित्रं काढायची होती, वर्गशिक्षकांना निवडीला वाव असावा म्हणून. ६१२ गुणिले ३, म्हणजे १८३६ चित्रं. घरी सव्वातेरा तास, भाड्याच्या कार्डावर तीन तास.

तीन तास आणि तेरा तास हा फरक मोठा वाटतो. पण तेरा तास कोण बसून बघणार आहे? संध्याकाळी सातला दुकान बंद करताना काम लावायचं, सकाळी आठला बघायचं. उलट निवडीचं बघा. शिक्षकाने एका मुलाची तीन चित्रं पाहून एक निवडायला एक मिनिट धरलं तरी ६१२ मिनिटं, म्हणजे दहा तास होतात. ते दहा तास जागे, पगारी आणि परीक्षेचे पेपर तपासून दमलेले होते. जीपीयू कितीही वेगवान आणला तरी त्यातला एक मिनिटही वाचत नाही.

वेग खरा लागला तो दुसऱ्या जागी, लोरा शिकवताना. सरांच्या चाळीसेक चित्रांवरून शैली शिकवायची होती: भुईकोट किल्ल्याचा बुरूज, सिद्धेश्वर तलाव, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, यंत्रमागाच्या शेडमधला उजेड. घरच्या कार्डावर एका फेरीला चार तास लागणार होते, आणि तेही १२ जीबीमध्ये कसंबसं कोंबून. भाड्याच्या कार्डावर तेच चाळीस मिनिटांत झालं. इथे फरक पडतो, कारण फेरी संपली की सर येऊन बघणार, “माझा निळा असा मळका नसतो” म्हणणार, आणि आपण शिकण्याचा दर बदलून पुन्हा लावणार. चार तासांची फेरी असेल तर दिवसाला दोनच मतं मिळतात. चाळीस मिनिटांची असेल तर एका दुपारीत शैली ठरते. आमची तशीच ठरली.

पैशाचा हिशेब

भाड्याचा दर त्या आठवड्यात ताशी ५५ रुपयांच्या आसपास होता. जीएसटी आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरून ६५. म्हणजे एका चित्राला सहा सेकंदांचे सुमारे ११ पैसे. घरी संगणक पूर्ण भाराखाली भिंतीतून २७० वॉट ओढत होता, आणि दुकानाच्या व्यापारी मीटरवर सगळे आकार धरून युनिट १३ रुपयांना पडत होतं. म्हणजे तासाला साडेतीन रुपये, चित्रामागे अडीच पैसे.

सगळ्या १८३६ चित्रांना घरी ४७ रुपये, क्लाउडवर २०० रुपये. फरक दीडशे रुपयांचा. एवढ्या रकमेवर निर्णय घ्यायचा नसतो.

पण हा आकडा उलटा धरून पाहिला तर जास्त सांगतो. समजा दुकानात कार्ड नव्हतंच आणि याच कामासाठी २५,००० रुपयांचं कार्ड घ्यायचा विचार होता. प्रत्येक चित्रामागे साडेआठ पैसे वाचणार. २५,००० भरून यायला सुमारे तीन लाख चित्रं काढावी लागतील. आमच्यासारखी दीडशे स्मरणिकांची कामं झाली तरी कार्डाचे पैसे पूर्ण सुटत नाहीत. “एकदा कार्ड घेतलं की पुढे सगळं फुकट” असं जो म्हणतो, त्याने हा भागाकार केलेला नसतो. नुसत्या पैशाच्या कारणाने कार्ड घेऊ नये. असलेलं कार्ड वापरावं, ते वेगळं.

भाड्याच्या बाजूला एक छुपी गळती आहे, तीही सांगतो. काम झाल्यावर मशीन नुसतं थांबवलं तर जीपीयूचं भाडं थांबतं, डिस्कचं चालू राहतं. मॉडेल सात जीबीच्या जवळ, कंट्रोलनेट अडीच, वर प्रोग्राम. एवढी डिस्क तिथे पडून राहिली की महिनाभर थोडं थोडं बिल येत राहतं. मशीन मोडावं लागतं, आणि मोडलं की पुढच्या वेळी सगळं पुन्हा उतरवावं लागतं. त्यात पंधरावीस मिनिटं जातात आणि तो वेळही मीटरवर असतो. सलग मोठ्या कामाला हे चालतं. आमचं काम मात्र पहिल्या रात्रीनंतर तुकड्यातुकड्यांत येणार होतं, ते पुढे येईलच.

चेहरे कुणाच्या मशीनवर

आता बाईंचा प्रश्न. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि बालकाची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. शिवाय संमती ज्या कारणासाठी दिली त्यापुरतीच असते. आमच्याकडे असलेले फोटो आयकार्डसाठी काढलेले होते. त्यांचं चित्र करून छापील स्मरणिकेत घालणं हे दुसरं कारण झालं. म्हणून शाळेने पालकांना चिठ्ठी पाठवली, मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही, कारण या शाळेतल्या निम्म्या घरांत मराठी ही दुसरी भाषा आहे. चिठ्ठीत साधं लिहिलं होतं: फोटोचं संगणकावर जलरंगी चित्र करणार, ते स्मरणिकेत छापणार, फोटो दुकानातल्या संगणकाबाहेर जाणार नाहीत. ज्यांची सही आली नाही त्यांच्या जागी नावाशेजारी सरांच्या हातचं एक फूल आलं. ६१२ हा आकडा सही आलेल्यांचा आहे.

तिसरं वाक्य लिहिल्यावर क्लाउडचा मार्ग चेहऱ्यांपुरता बंद झाला. हे जाणूनबुजून केलं, आणि त्याचं कारण तांत्रिक होतं.

स्वस्त जीपीयू भाड्याने देणाऱ्या बाजारपेठांत यंत्राचा मालक कुणीही असू शकतो. आपल्याला मिळतो तो त्याच्या यंत्रावरचा एक कप्पा, कंटेनर. आतून तो आपलाच वाटतो, पण खालच्या यंत्राचा पूर्ण ताबा मालकाकडे असतो आणि त्याने ठरवलं तर त्या कप्प्यातल्या फाइली त्याला वाचता येतात. मोठ्या क्लाउड कंपन्यांचं तसं नसतं. तिथे करार असतो, मुंबईतली डेटा सेंटर निवडता येतात, जबाबदारी कागदावर असते. पण तिथे दरही वेगळे, आणि नव्या खात्याला जीपीयू मिळण्यासाठी आधी कोटा मागावा लागतो. दोन्हींना “क्लाउड” हाच एक शब्द वापरला जातो, आणि दर विचारताना पहिल्याचा सांगितला जातो, खात्री देताना दुसऱ्याची.

फोटो पाठवायचेच असते तर काय काय काढून टाकता आलं असतं? फाइलच्या नावातलं मुलाचं नाव आणि तुकडी. फोटोत दडलेली तारीख, कॅमेरा आणि मोबाइलवरून काढला असेल तर शाळेचं नेमकं ठिकाण. हे सगळं पुसता येतं. चेहरा पुसता येत नाही, आणि इथे माल तोच होता.

म्हणून कामाचे दोन भाग केले. लोरा शिकवायला तगडं कार्ड लागतं, पण त्यात फक्त सरांची चित्रं लागतात: बुरूज, तलाव, माग. त्यात एकही मूल नाही, आणि सरांनी परवानगी दिलेली. ते क्लाउडवर गेलं. चेहऱ्यांना तगडं कार्ड लागत नाही, रात्रभर वेळ लागतो. ते घरी राहिले. जे जड होतं त्यात खासगी काही नव्हतं आणि जे खासगी होतं ते जड नव्हतं. सगळ्या कामांत असं सुटसुटीत पडत नाही, पण काम उचलण्याआधी ही फोड करून बघावीच. क्लाउडवर चार फेऱ्या, मांडणीचा वेळ, एक-दोन चाचण्या मिळून पाच तासांचं भाडं झालं, साडेतीनशेच्या आत.

तिथेही एक दार बंद करावं लागलं. कम्फीयूआय ८१८८ या पोर्टवर चालतं आणि त्याला स्वतःचा पासवर्ड नसतो. ते इंटरनेटला उघडं ठेवलं तर पत्ता सापडणारा कुणीही आपली चित्रं बघू शकतो, आपल्या पैशाने स्वतःची काढूही शकतो. म्हणून चाचण्यांसाठी ते एसएसएचच्या बोगद्यातूनच, म्हणजे फक्त आपल्या संगणकाशी जोडलेल्या कूटबद्ध वाटेनेच, उघडलं.

घरी ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं, हाही भ्रमच. पहिली गोष्ट म्हणजे विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर बऱ्याचदा आपोआप ऑनलाइन साठवणीशी जोडलेले असतात. फोटो डेस्कटॉपवर टाकले की ते गेलेच. आम्ही वेगळ्या ड्राइव्हवर फोल्डर केलं आणि बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला. दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कम्फीयूआय तयार केलेल्या प्रत्येक पीएनजी चित्राच्या पोटात अख्खा आराखडा लिहून ठेवतं, त्यात मूळ फोटोच्या फाइलचं नावही असतं. फाइलचं नाव मुलाच्या नावाने असेल तर निनावी दिसणारं चित्र नाव घेऊन फिरतं. ते बंद करायला प्रोग्राम असा सुरू करायचा:

```
python main.py --disable-metadata
```

आणि फोटोंना आधीच क्रमांक दिले. क्रमांक आणि नाव यांची जोडी शाळेच्या वहीत, आमच्याकडे नाही.

रात्रीचं काम

फोटो तयार करायची आज्ञा ही:

```
magick mogrify -path tayar -auto-orient -resize "896x1152^" -gravity north -extent 896x1152 -strip -quality 92 *.JPG
```

यातला क्रम महत्त्वाचा आहे. `-strip` दडलेली माहिती पुसतं, पण फोटो उभा की आडवा हेही त्याच माहितीत लिहिलेलं असतं. आधी `-auto-orient` दिलं नाही तर उभे धरून काढलेले फोटो आडवे पडतात, आणि मॉडेल आडव्या चेहऱ्याचं काहीतरी भयंकर करतं. `-gravity north` अशासाठी की जादाचा भाग खालून कापला जावा, डोक्यावरून नाही.

मग सोलापूरचा एप्रिल. दुपारी पारा ४० च्या पुढे, आणि पत्र्याखालची आमची मागची खोली त्याहून गरम. संध्याकाळच्या चाचणीत पहिलं चित्र २६ सेकंदांत, शंभरावं ३३ सेकंदांत आलं. प्रोग्राम कुठेच तक्रार करत नाही, नुसता मंदावतो. कार्ड ८३ अंशांच्या आसपास पोचलं की स्वतःचा वेग कमी करतं. कळतं ते अशा नोंदीतून:

```
nvidia-smi --query-gpu=temperature.gpu,power.draw,clocks.sm,memory.used --format=csv -l 10
```

तापमान वर जाऊन थांबलंय आणि घड्याळाचा वेग मात्र घसरत चाललाय असं दिसलं की कारण उष्णताच. उपाय वाटतो त्याच्या उलटा आहे. कार्डाला वीज कमी द्यायची. ३०६० ची मर्यादा १७० वॉट आहे, ती `nvidia-smi -pl 130` ने १३० वर आणली. चित्राला दीड-दोन सेकंद जास्त लागायला लागले, पण रात्रभर तेवढेच राहिले. शिवाय काम रात्री नऊला लावलं, खिडकी उघडी ठेवून.

दुसरी मंदी वेगळ्या कारणाची होती. एकदा चित्राला दीड मिनिट लागायला लागला, आणि तापमान तर उलट कमी होतं. मागे व्हिडिओ एडिटर उघडाच राहिला होता आणि त्याने व्हीरॅम अडवली होती. विंडोजमध्ये आताचे ड्रायव्हर व्हीरॅम भरली की चूक दाखवत नाहीत, उरलेला माल संगणकाच्या साध्या रॅममध्ये टाकतात आणि सगळं कित्येक पटींनी हळू होतं. टास्क मॅनेजरमध्ये “शेअर्ड जीपीयू मेमरी” वाढलेली दिसली की समजायचं. एडिटर बंद केला, पुन्हा २८ सेकंद.

आणि वीज गेली. ती जाणारच होती. यूपीएसने पंधरा मिनिटं काढली, नंतर संगणक बंद. म्हणून प्रत्येक चित्र आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यायचं, आणि प्रोग्राम सुरू होताना ज्यांचं खरं नाव आहे ती चित्रं सोडून पुढे जायचं, असं आधीच करून ठेवलं होतं. अर्धवट लिहिलेली फाइल “झालेली” समजली जात नाही, आणि सकाळी जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. क्लाउडवर स्वस्तातलं, कधीही काढून घेतलं जाणारं मशीन घेतलं तरी हीच सोय लागते. महावितरणने वीज नेली काय आणि तिकडे कुणी जास्त दराने मशीन नेलं काय, प्रोग्रामला दोन्ही सारखंच.

निवड करताना जे दिसलं

चाचणी म्हणून वर्गशिक्षकांना क्रमांक झाकून चित्रं दाखवली आणि मूल ओळखायला सांगितलं. ही मला सापडलेली सगळ्यात कडक कसोटी आहे. आपण मूळ फोटो शेजारी ठेवून बघतो तेव्हा मेंदू फरक भरून काढतो. शिक्षकाच्या डोळ्यांपुढे फक्त चित्र असतं. बहुतेक मुलं ओळखू आली. जी आली नाहीत त्यांत नेमके दोन दोष होते.

एक, मॉडेल रंग उजळ करतं. सावळी मुलं एक-दोन छटा गोरी होऊन येतात, नाक जरा धारदार होतं. जलरंगाचा पांढरा कागद या दोषाला झाकतो, त्यामुळे तो पटकन लक्षात येत नाही. पाचवीच्या एका बाईंनी मात्र लगेच सांगितलं, “ही आमची नाही, ही जाहिरातीतली आहे.” यावर उपाय म्हणून डीनॉइज ०.३३ वर आणलं, लोराचं वजन ०.६ केलं आणि शेवटी मूळ फोटोच्या त्वचेचा रंग चित्रावर जुळवून घेतला. सरांच्या चित्रांत चेहरे नव्हतेच, त्यामुळे लोरा जास्त वजनाने लावली की ती गालालाही तलावाच्या पाण्यासारखं वागवत होती. दोन, छोट्या खुणा गायब होतात. टिकली, चष्म्याची काडी, वेणीची रिबीन. टोपीचा काठ केस बनतो, हिजाबची घडी केस बनते. ही शेवटची चूक छापली गेली असती तर तिला साधी तांत्रिक चूक कुणी म्हटलं नसतं. अशी सगळी चित्रं वेगळी काढून प्रत्येक तपासलं.

सुमारे चाळीस मुलांची चित्रं पुन्हा करावी लागली, आणि ती एका वेळी नाही. आज सहावी ‘ब’ ची तीन, परवा नववीची पाच, मग कुणाची तरी आई येऊन म्हणणार की चष्मा नवीन आहे. प्रत्येक वेळी शिक्षक शेजारी बसलेले आणि चित्र अर्ध्या मिनिटात समोर. इथे घरच्या संगणकाने सगळ्यात जास्त कमावलं. पाच चित्रांसाठी क्लाउडवर मशीन उभं करून दहा जीबी उतरवत बसणं, हे काम आठवडाभर रोज कुणी केलं नसतं. “चालेल, राहू द्या” म्हणून तशीच छापली गेली असती.

छपाईनंतर दुकानातले मूळ फोटो, तयार फोल्डर, कम्फीयूआयचे `input`, `output` आणि `temp` हे तिन्ही फोल्डर आणि बाहेरची डिस्क साफ केली. `input` विसरू नये. प्रोग्राममध्ये चढवलेल्या प्रत्येक फोटोची एक प्रत तिथे पडलेली असते.

स्मरणिका बघून अक्कलकोट रोडवरचे एक टॉवेलवाले आले. त्यांना ९०० डिझाइनचे फोटो कॅटलॉगसाठी चित्रासारखे करून हवे होते, मोठ्या आकारात, दोन दिवसांत. त्या आकाराला घरच्या कार्डावर एकाला चार मिनिटं लागतात, म्हणजे साठ तास. भाड्याच्या कार्डावर पन्नास सेकंद, साडेबारा तास, सुमारे ८१२ रुपये. दोन कार्डं एकदम घेतली तर पैसे तेवढेच आणि वेळ निम्मा. चेहरा एकही नाही. त्यांना मी मोजून न बसता क्लाउड सांगितलं. फक्त पुढच्या हंगामाची साठ डिझाइनं, जी अजून बाजारात आली नव्हती, ती त्यांनी बाजूला काढली आणि म्हणाले, ही तुमच्या मागच्या खोलीत करा. साठ गुणिले चार मिनिटं, चार तास. रात्री नऊला लावली.